सात पंधराला या

येत्या बुधवारी, ३० एप्रिल २०२५ ला, अक्षय तृतीयेच्या सकाळी आम्ही नागपुरातल्या मनीषनगरच्या नव्या घरात पाऊल ठेवतो आहोत. चौथा मजला, दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघर, पूर्वेला गॅलरी. प्रवेशाची वेळ सकाळी सात वाजून पंधरा मिनिटं. पूर्णाहुती पावणेबाराच्या आत होईल आणि पानं सव्वाबाराला वाढू. एवढं निमंत्रण खरं तर पुरेसं आहे, पण गेल्या आठवड्यात ज्यांना ज्यांना फोन केला त्यांतल्या निम्म्या लोकांनी विचारलं, "एवढ्या सकाळी काहून? अक्षय तृतीया तर साडेतीन मुहूर्तांतली, तिला कुठला आला मुहूर्त?" फोनवर सांगायला लागलं की गोष्ट लांबते. म्हणून इथे नीट लिहिते.

साडेतीन मुहूर्तांतला दिवस असला की पंचांग न बघता काम करावं, हे खरंच आहे. सोनं घ्या, दुकान उघडा, कुणी विचारत नाही. पण गृहप्रवेशात दिवस आणि वेळ अशा दोन गोष्टी असतात, असं आमचे गुरुजी म्हणाले. दिवस छानच मिळाला आहे. वैशाख महिना, उत्तरायण, बुधवार आणि वर रोहिणी नक्षत्र. रोहिणी हे स्थिर नक्षत्र. तीन उत्तरा आणि रोहिणी अशी चार नक्षत्रं स्थिर मानतात आणि घरासारख्या कायम टिकावं अशा कामाला तीच आधी शोधतात. ती दुपारी चारनंतरही काही वेळ आहे. तृतीया मात्र दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी संपते.

राहिली वेळ. वेळ म्हणजे लग्न, लग्नकार्यातलं नव्हे, पूर्व क्षितिजावर त्या क्षणी उगवत असलेली रास. दिवसभरात बाराही राशी एकेक करून उगवतात, प्रत्येकीला सुमारे दोन तास मिळतात. त्यांतल्या वृषभ, सिंह, वृश्चिक आणि कुंभ या चार स्थिर. गृहप्रवेशाला स्थिर लग्न उत्तम, द्विस्वभाव मध्यम, चर टाळावं, असा साधा नियम. घरात शिरताना क्षितिजावर स्थिर रास असावी, म्हणजे शिरणारा माणूसही तिथे स्थिर होतो, ही त्यामागची भावना. मला ती फार आवडते. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यातली सगळी नागपूरच्याच महाल भागातल्या वाड्यात भाड्याने गेली, आणि दर दोन वर्षांनी मालकांचा मुलगा वाडा पाडायचा विषय काढायचा.

आता खरी गोष्ट. निमंत्रणपत्रिकेचा पहिला मजकूर तयार झाला तेव्हा त्यात वेळ आठ चाळीस होती. ती ठाण्याच्या ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेने काढली होती. त्यांची गाडी सकाळी पोचणार, स्टेशनवरून घरी येऊन अंघोळ करून मनीषनगरला यायचं, तर साडेआठच्या आत जमणार नव्हतं. आणि त्यांच्या घरच्या पंचांगात त्या दिवशी वृषभ लग्न स्पष्ट छापलेलं होतं, सात सहा ते नऊ सहा. "वहिनी, आठ चाळीस म्हणजे अजून सव्वीस मिनिटं हातात आहेत, सगळ्यांना सोयीचं," असं त्या म्हणाल्या. मलाही पटलं. ह्यांनी मजकूर छापखान्यात द्यायच्या आधी गुरुजींना दाखवायला नेला, म्हणून बरं झालं.

गुरुजींनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पूजा ठाण्याला आहे का?"

ठाण्याच्या पंचांगातली वेळ मुंबईची होती. सूर्य मुंबईला उगवायच्या आधी आपल्याकडे उगवतो, हे आपल्याला माहीत असतं, पण रोजच्या घड्याळात ते लक्षात राहत नाही, कारण घड्याळ सगळ्या देशाचं एकच आहे. १९०६ पासून आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे, ती रेघ प्रयागराजच्या जवळून जाते. नागपूर आहे एकोणऐंशी अंशांच्या थोडं पुढे आणि मुंबई त्र्याहत्तर अंशांच्या थोडी अलीकडे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई आणि नागपूर यांत सहा अंशांहून जरा जास्त अंतर आहे, म्हणजे पंचवीस मिनिटं. त्यात उन्हाळ्यात उत्तरेकडच्या गावी दिवस जरा मोठा असतो, त्याची दोन मिनिटं आणखी. ३० एप्रिलला मुंबईला सूर्य सहा अकराला उगवतो, आपल्याकडे पाच चव्वेचाळीसला. सत्तावीस मिनिटांचा फरक.

सूर्य आधी उगवला की त्याच्या मागून येणाऱ्या राशीही तेवढ्याच आधी उगवणार आणि तेवढ्याच आधी सरणार. गुरुजींनी वहीत मांडून दाखवलं. नागपूरला त्या दिवशी वृषभ लग्न सुरू होतं सहा अडतीसला आणि संपतं आठ सदतीसला. आठ चाळीसला ताईंच्या घरी वृषभ असेल. आमच्या दारात मिथुन लागून तीन मिनिटं झालेली असतील.

"मिथुन काही वाईट नाही," गुरुजी म्हणाले, "द्विस्वभाव आहे, मध्यम म्हणतात. पण उत्तम समोर असताना तीन मिनिटांसाठी मध्यम काहून घ्यायचं?"

मी विचारलं, मग मुंबईच्या प्रत्येक वेळेतून सत्तावीस वजा करायचे का? त्यावर त्यांनी मान हलवली. थंडीत नागपूरचा दिवस मुंबईपेक्षा लहान होतो, तेव्हा हा फरक कमी भरतो. लग्नाचा फरक सूर्योदयाच्या फरकाइतकाच नेमका नसतो, राशीप्रमाणे एखाद-दोन मिनिटं इकडेतिकडे होतं. म्हणून आपल्या गावचं लग्न मांडून घ्यावं, वजाबाकी करत बसू नये. पंचांगाच्या मागे गावोगावच्या उदयास्ताची कोष्टकं असतात, नाहीतर मोबाईलवर पंचांग बघताना गावाच्या जागी नागपूर निवडायचं. ताईंच्या मोबाईलमध्येही ते होतं, फक्त गाव बदललेलं नव्हतं. आणि दोन चांगली पंचांगं घेतली तरी गणिताच्या पद्धतीमुळे दोन-चार मिनिटांचा फरक निघतो, म्हणून लग्नाच्या अगदी कडेला वेळ धरू नये. गुरुजी दोन्ही बाजूंनी दहा-बारा मिनिटं सोडूनच देतात. तसं सोडून आम्हाला मिळाले सहा पन्नास ते आठ पंचवीस. त्यातले सात पंधरा आम्ही घेतले, म्हणजे कुणी रस्त्यात अडकलं, फुलवाला उशिरा आला, तरी दाराबाहेर तासभर थांबायची सोय आहे.

एक गोष्ट मात्र गावाप्रमाणे बदलत नाही, आणि इथे बरेच जण गोंधळतात. तृतीया संपायची वेळ मुंबईला दोन बारा असेल तर नागपूरलाही दोन बाराच. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर ठरते, ते अंतर साऱ्या देशाला एकाच क्षणी पूर्ण होतं. नक्षत्राचंही तसंच. बदलतं ते फक्त क्षितिजाशी जोडलेलं, म्हणजे सूर्योदय, सूर्यास्त, लग्न, आणि दिवसाचे भाग करून काढलेला राहुकाळ. आमच्याकडे गुरुजी राहुकाळाला फार महत्त्व देत नाहीत, पण सासूबाई देतात. बुधवारचा राहुकाळ बारा ते दीड असा सगळ्यांना पाठ असतो. तो खरा मध्यान्हापासून मोजायचा, आणि आपला मध्यान्ह त्या दिवशी बारा अकराला आहे. म्हणून पूर्णाहुती पावणेबाराच्या आत उरकायची, असं त्यांचं आणि गुरुजींचं दोघांचंही मन राखणारं ठरलं.

ताईंना हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा त्या दोन मिनिटं गप्प होत्या. मला वाटलं रागावल्या. मग म्हणाल्या, "मी मंगळवारचं तिकीट काढते. बाबांच्या नावाची घागर भरायची असते ना त्या दिवशी, मी आधीच आलेली बरी."

आणि इथून आमच्या घरात दुसराच प्रश्न सुरू झाला.

विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको, अक्षय तृतीया म्हणजे आपल्याकडे पितरांचा दिवस. सोनं वगैरे नंतरचं. कुंभाराकडून कोरी घागर आणायची, धुऊन भिजवून ठेवायची, तिच्यात पाणी भरायचं, वाळा टाकायचा, तोंडावर आंबा किंवा खरबूज ठेवायचं आणि गेलेल्यांच्या नावाने ती द्यायची. त्या दिवसापर्यंत सासूबाई आंब्याला हात लावत नाहीत. पानात पुरणपोळी, चिंचवणी, कुरडया आणि आमरस. उन्हाच्या अशा कडाक्यात गेलेल्या माणसाची तहान आठवावी, याच्याइतकं आपल्या नागपूरला शोभणारं दुसरं काही मला सुचत नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. दर अक्षय तृतीयेला त्यांची घागर वाड्याच्या चौकात, विहिरीजवळच्या ओट्यावर भरली गेली.

तर सासूबाईंनी एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता विचारलं, "मी त्या घागरीचं म्हणून राहिले. ती इथं भरायची की तिथं?"

मी म्हटलं, "आई, सकाळी तर आपण तिकडे असणार."

"ते ठाऊक आहे मला. पण त्यांना तिथला पत्ता कुठं माहीत आहे?"

मेथीची जुडी त्यांच्या मांडीवर तशीच राहिली होती. त्या मस्करी करत नव्हत्या. एक्कावन्न वर्षं त्या माणसासोबत ज्या घरात काढली, त्या घराचा पत्ता सोडून ते दुसरीकडे कसे येतील, हा त्यांचा अगदी साधा प्रश्न होता. ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गुरुजींकडे गेलो.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि सासूबाईंना आमच्या पूजेचा क्रम सांगितला. प्रवेश झाला की गणपतीपूजन, मग पुण्याहवाचन, मातृकापूजन, आणि त्यानंतर नांदीश्राद्ध. मंगलकार्याच्या आधी घरातल्या पितरांना नावाने बोलावून त्यांचा आशीर्वाद घेतात, ते नांदीश्राद्ध. वडील, आजोबा, पणजोबा, तिकडे आईकडची मंडळी, प्रत्येकाचं नाव आणि गोत्र घेतलं जातं. नावात श्राद्ध असलं तरी त्यात शोकाचं काही नसतं, त्या वेळी पितर आनंदी मुद्रेचे मानलेले आहेत.

"म्हणजे साधारण आठ वाजता," गुरुजी सासूबाईंना म्हणाले, "तुमचा मुलगा त्या घरात बसून त्यांचं नाव घेणार आहे. बोलावणं आधीच गेलेलं असेल. ते तिथंच असतील. घागर तिथंच भरा."

सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला. मग लगेच व्यवहाराचं विचारलं, की तर्पणाचं काय? गुरुजी म्हणाले, नांदीश्राद्ध झालेल्या घरात त्या दिवशी तीळ घेऊन तर्पण करायचं नाही, पिंडही नाहीत. फक्त पाण्याने भरलेल्या घागरीचं दान. पूर्णाहुती झाली की लगेच, बाराच्या आत. तिथी दोन बारापर्यंत आहे, त्यामुळे घाई नाही. ज्यांच्याकडे त्याच दिवशी मंगलकार्य आणि घागर दोन्ही येतं, त्यांनी हे आपल्या गुरुजींना आधी विचारून ठेवावं, कारण घरोघरची रीत थोडी वेगळी असते, आणि ऐन पूजेत हा प्रश्न निघाला की मोठ्या माणसांचा जीव उगाच कासावीस होतो.

पाणी मात्र वाड्याच्या विहिरीचं. ते सासूबाईंनी ठरवलं आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. मंगळवारी संध्याकाळी हे पितळी कळशी भरून आणणार आहेत.

आता नव्या घराकडची तयारी. वास्तुशांतीत जे सगळ्यात मोलाचं, तेच फ्लॅटमध्ये सगळ्यात अवघड जातं, ते म्हणजे वास्तुपुरुषाला जमिनीत ठेवणं. जुन्या घरात आग्नेय कोपऱ्यात हातभर खड्डा खणायचे. पेटीत सप्तधान्य, शेवाळ, फुलं, दहीभात, पंचरत्नं आणि त्यावर वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा पालथी ठेवून माती लोटायचे. चौथ्या मजल्यावर माती कुठली? आमच्या फरशीखाली दीड-दोन इंच मसाल्याचा थर आहे, आणि त्याखाली स्लॅब. तो स्लॅब म्हणजे खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचं छत.

बिल्डरने दिलेल्या मिस्त्रीने छिन्नी काढून सांगितलं होतं, चार इंच खोल खड्डा करून देतो, काही होत नाही. मी त्याला थांबवलं ते केवळ शेजाऱ्यांच्या विचाराने. पण आमच्या भाच्याने, तो बांधकामातलाच आहे, मला नंतर नीट समजावलं की खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, स्लॅबच्या वरच्या बाजूलाही सळया असतात, कारण तिथे ताण वरच्या अंगाला येतो. वरून खोदलं की नेमक्या त्याच उघड्या पडायच्या किंवा तुटायच्या, आणि पुढे ओल शिरून गंजायच्या. म्हणून नियम एवढाच, की मसाल्याच्या थराच्या खाली छिन्नी जाता कामा नये. थर संपून स्लॅब लागला की आवाज बदलतो. मसाला भुसभुशीत फुटतो, स्लॅबवर छिन्नी टणकन वाजून उसळते. तिथे हात थांबवायचा.

मग आम्ही पेटीच त्या मापाची केली. इतवारीत तांब्याची भांडी करणाऱ्याकडून चार इंच लांब-रुंद आणि फक्त एक इंच उंच अशी झाकणाची डबी करून घेतली. पंचरत्नांचे कण, सप्तधान्याची प्रत्येकी एक चिमूट आणि प्रतिमा त्यात आरामात बसते. आमचं स्वयंपाकघर आग्नेयेलाच आहे, पण ओट्याखालच्या कोपऱ्यातून पाण्याचा पाइप गेलाय, म्हणून जागा पाइपापासून दोन फूट अलीकडे घेतली. दिशा मोबाईलवर पाहू नका, हे सांगून ठेवते. लिफ्टजवळ तो एक दिशा दाखवत होता, स्वयंपाकघरात लोखंडी ग्रिलपाशी दुसरीच. आम्ही इमारतीच्या मंजूर नकाशावरचा उत्तरेचा बाण धरला. उगवत्या सूर्यावरूनही फसायला होतं, कारण एप्रिलअखेर तो नेमका पूर्वेला न उगवता उत्तरेकडे बराच सरकलेला असतो.

त्या जागेची फरशी मोठी अख्खी होती, ती काढली तर पुन्हा तशीच बसेल याचा भरवसा नाही. म्हणून मिस्त्रीने ओट्याच्या कडेची कापून बसवलेली पट्टी निवडली, ती अजून सुटीच ठेवली आहे. बुधवारी होमानंतर डबी आत जाईल, आणि शुक्रवारी मिस्त्री पट्टी पक्की करेल. ती बसवल्यावर नाण्याने टकटक करून बघायचं. पोकळ, डब्यासारखा आवाज आला तर खाली मसाला नीट भरलेला नाही, भांडं पडलं की तडकणार. डबीच्या चारही बाजूंनी मसाला भरून घ्यायचा, मधे डबी असल्यामुळे थोडा फरक येतोच, तो चालतो. आणि ती जागा पुढे कायम माहीत असावी, म्हणून मी ओट्याखालच्या कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने माप लिहून ठेवलंय, भिंतीपासून किती, पाइपापासून किती. पुढेमागे कुणी नळाचं काम काढलं तर त्याच्या हाताखाली आमचा वास्तुपुरुष येऊ नये.

होमकुंडाखाली विटांचे दोन थर आणि त्यावर रेती टाकणार आहोत, कारण तापलेल्या कुंडाने फरशी तडकते. धुरासाठी गॅलरीचं दार उघडं राहील, म्हणून कूलर होम संपेपर्यंत बंद. तेवढा वेळ उकाडा सहन करा, ही विनंती.

त्रिसूत्रीचं मात्र मला फार अप्रूप आहे. होमानंतर घराभोवती तिहेरी सूत गुंडाळत, मंत्र म्हणत, पाण्याची धार धरत फिरतात, म्हणजे सगळं घर एका दोऱ्याच्या कुशीत येतं. स्वतंत्र घराला बाहेरून फिरता येतं. आमच्या घराच्या बाहेर चार मजल्यांची हवा आहे. गुरुजी म्हणाले, आतून भिंतीच्या कडेने फिरा. रविवारी मी आणि मुलगी टेप घेऊन मोजत बसलो होतो. तीस फूट, अठ्ठावीस फूट, पुन्हा तीस, पुन्हा अठ्ठावीस. एक फेरा एकशे सोळा फुटांचा. तिहेरीचं सूत साडेतीनशे फूट. टेप धरून मुलगी हॉलच्या कोपऱ्यात उभी होती, मी खिडकीपाशी, आणि मोजलेलं लिहिता लिहिता माझ्या एकदम लक्षात आलं की या भिंतींना आम्ही पहिल्यांदाच हात लावत होतो. इतके दिवस त्या नकाशात आणि हप्त्यात होत्या. मुलीने विचारलं, "आई, रडायला काय झालं?" मी सांगितलं, काही नाही, अठ्ठावीस लिही.

दूध उतू घालवायचं तेही ठरलं आहे. गॅसची जोडणी अजून यायची आहे, म्हणून सासूबाईंची मातीची शेगडी न्यायची. महालातल्या घरी त्या नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हापासूनची ती शेगडी आहे, गेली वीस वर्षं माळ्यावर होती. परवा उतरवून धुतली. एका बाजूला चीर आहे, तिथे मी शेणमातीने लिंपलं. दूध पूर्वेकडे उतू जावं म्हणतात, त्यासाठी पातेलं त्या बाजूला नखभर कललेलं ठेवायचं, अशी युक्ती सासूबाईंनीच सांगितली.

पहिली अक्षत रिवाजाप्रमाणे टेकडीच्या गणपतीला दिली. बर्डीवरून परत येताना बुधवार बाजारातून घागर घेतली. कुंभारीण म्हणाली, दोन घ्या, एक फुटली तर. सासूबाई नको म्हणाल्या. बोटाने वाजवून, कानाशी धरून, सात-आठ बघून त्यांनी एक निवडली. खणखणीत वाजते ती चांगली भाजलेली, भद्द वाजते तिला कुठेतरी चीर असते. सध्या ती न्हाणीघरात पाणी पिऊन राहिली आहे.

येणाऱ्यांसाठी थोडं. मेट्रोने येत असाल तर उज्ज्वलनगरला उतरा, तिथून ऑटो मिळतो. लिफ्ट चालू आहे, पण सकाळी सामान वर जाणार असल्याने थोडं थांबावं लागेल. वयस्क मंडळींना सव्वासाताचा प्रवेश बघायचा असेल तर आधल्या रात्रीच महालात मुक्कामाला या, गाद्या भरपूर आहेत, गच्चीवर झोपायची जागाही. ज्यांना सकाळी जमणार नाही त्यांनी दहाला होमाला या. बारानंतर ऊन फार असतं, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात जातो, म्हणून दुपारी बाराच्या पुढे कुणी दुचाकीवर निघू नका. जेवणाला आलात की ऊन उतरेपर्यंत थांबा. पन्हं आणि मठ्ठा दिवसभर आहे. पानात पुरणपोळी, चिंचवणी, वडाभात आणि सरगुंडे-आमरस, सासूबाईंनी सरगुंडे मार्चमध्येच करून वाळवून ठेवलेत. आहेर आणू नका, मनापासून सांगते. संध्याकाळी येणाऱ्यांसाठी सातपासून दार उघडं आहे.

वेळ पुन्हा एकदा लिहून ठेवते. प्रवेश सव्वासात, नांदीश्राद्ध आठच्या सुमारास, होम दहाला, पूर्णाहुती आणि घागर पावणेबारा, पानं सव्वाबारा. ही सगळी नागपूरची वेळ आहे.

ठाण्याच्या ताईंचा काल रात्री पुन्हा फोन आला होता. तिकीट पक्कं झालं. "विहिरीचं पाणी भरायला जाल तेव्हा मला घेतल्याशिवाय जाऊ नका," म्हणाल्या. रहाट त्यांनी लहानपणी बाबांबरोबर ओढलेला आहे. मंगळवारी संध्याकाळी सहाला, ऊन उतरल्यावर, त्या आणि हे कळशी घेऊन चौकात जातील.